मुखपृष्ठ प्रॉम्प्ट

मुखपृष्ठ प्रॉम्प्ट म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या चित्रनिर्मिती प्रणालीस नियतकालिकाच्या मुखपृष्ठासाठी दिली जाणारी लेखी सूचना. नियतकालिकाचे नाव जेथे ठळक अक्षरांत येते तो शीर्षभाग (मास्टहेड) आणि अंकातील मजकुराची जाहिरात करणारे मथळे यांच्यासाठी या सूचनेने चित्रात मोकळी जागा राखून ठेवलेली असते. उरलेल्या जागेवर एकाच चेहऱ्याचे वर्चस्व असते. प्रणाली केवळ चित्र देते. अक्षरे नंतर पृष्ठरचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवली जातात. मराठी मुखपृष्ठाच्या बाबतीत ही विभागणी सहसा टाळता येत नाही, कारण देवनागरी जोडाक्षरे बिनचूक रेखाटणे हे अनेक चित्रप्रणालींना साधत नाही.

## पूर्वपरंपरा

एका चेहऱ्याचे मुखपृष्ठ मराठी वाचकांस नवे नाही. गोव्यात जन्मलेले चित्रकार दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांनी १९४५ मध्ये सुरू केलेल्या ‘दीपावली’ या अंकाची स्त्रीचित्रे असलेली मुखपृष्ठे आणि त्यांचे समकालीन रघुवीर मुळगावकर यांची चित्रे यांमुळे दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाची एक ओळख ठरून गेली. दलाल हे स्वतःच चित्रकार आणि स्वतःच प्रकाशक असल्याने अंकाचे नाव कोठे येणार हे चित्र काढण्यापूर्वीच त्यांच्या हाती ठरलेले असे. चित्रप्रणालीस अशी पूर्वकल्पना नसते. ती कागदाचा प्रत्येक कोपरा भरून टाकण्याकडे झुकते, आणि प्रॉम्प्ट लिहिण्याचे मुख्य काम तिला रोखणे हेच असते.

## रिकामी जागा मागण्याची रीत

नवशिक्याच्या प्रॉम्प्टमध्ये बहुधा ‘मासिकाचे मुखपृष्ठ’ हे शब्द आधी येतात. त्यांचा परिणाम उलटा होतो. ज्या चित्रांवर प्रणाली शिकलेली असते त्यांतील मुखपृष्ठांवर अक्षरे असतातच, त्यामुळे मुखपृष्ठ मागितले की अक्षरेही येतात. ती अक्षरे अनेकदा कोणत्याही भाषेतील नसून अक्षरांसारखे दिसणारे आकार असतात. देवनागरी मागितल्यास अनेकदा एक शिरोरेषा आणि तिला टांगलेल्या निरर्थक वळणांची रांग मिळते. ‘मथळ्यांसाठी जागा सोडा’ असे लिहिले तर काही वेळा प्रणाली ती सूचना शब्दशः घेऊन चित्रावर एक सपाट पांढरा चौकोन काढून ठेवते.

यावरील उपाय म्हणजे रिकाम्या जागेचे नाव न घेता ती जागा ज्या वस्तूने व्यापायची त्या वस्तूचे वर्णन करणे. वरच्या भागात फिकट निरभ्र आकाश, डाव्या बाजूस धूसर झालेली गर्द झाडी, खाली एकरंगी लुगड्याचा घोळ, अशी मागणी केल्यास प्रणाली आकाश, झाडी आणि कापड काढते, आणि तेथे अक्षरे मावतात. मुखपृष्ठ हा शब्द प्रॉम्प्टमध्ये येत नाही. त्याऐवजी ‘जवळून घेतलेले व्यक्तिचित्र’ असे लिहिले जाते.

नको असलेल्या गोष्टी मुख्य वाक्यात लिहिणेही धोक्याचे असते. ‘अक्षरे नकोत’ या वाक्यातील ‘अक्षरे’ हा शब्दच अनेकदा प्रभावी ठरतो. मिडजर्नीमध्ये त्यासाठी `--no` हे वेगळे चिन्ह आहे, तर स्टेबल डिफ्यूजनमध्ये नकारात्मक प्रॉम्प्टचा स्वतंत्र रकाना असतो. अशी सोय नसलेल्या प्रणालींमध्ये अक्षरांचा उल्लेखच टाळावा लागतो.

## उदाहरण: धामणगाव रेल्वे येथील कल्पित अंक

अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे हे मुंबई–नागपूर–हावडा लोहमार्गावरील तालुक्याचे ठिकाण आहे. भोवतालचा प्रदेश काळ्या जमिनीचा व कपाशीचा आहे. येथील एखाद्या महाविद्यालयाने ‘वऱ्हाड’ या नावाचा वार्षिकांक काढला व त्याचा विषय कापूस वेचणी ठेवला, असे मानून प्रॉम्प्टची आखणी पुढे दिली आहे.

प्रथम कागदाचे माप ठरते. ए-४ आकाराचे पान २१० × २९७ मिलिमीटर असते. छपाईनंतरच्या कटाईसाठी चारही बाजूंस ३ मिलिमीटर जादा चित्र लागते, म्हणजे २१६ × ३०३ मिलिमीटर. हे प्रमाण जवळपास ५:७ येते, आणि प्रणालीला तेच सांगितले जाते. त्यानंतर पानाची वाटणी होते. वरचा चतुर्थांश, म्हणजे सुमारे ७५ मिलिमीटर, नावासाठी राहतो. डोके वरून सुमारे ९० मिलिमीटरवर सुरू होऊन हनुवटी २२५ मिलिमीटरच्या आसपास संपते, तेव्हा डोळे पानाच्या मध्याजवळ येतात. चेहरा मध्यापेक्षा किंचित उजवीकडे सरकवला की डाव्या बाजूस सुमारे ६० मिलिमीटर रुंदीची पट्टी मथळ्यांसाठी मोकळी होते.

```
close portrait of an Indian farm woman about 55,
weathered brown skin, plain cotton sari end over hair,
calm direct gaze, soft morning light, face right of centre,
eyes near mid-height, wide pale winter sky above the head,
left third out-of-focus dark green cotton leaves
--ar 5:7 --no text, letters, logo, border
```

वरचे आकाश फिकट मागितले आहे, कारण त्यावर गडद लाल नाव उठून दिसते. डावी पट्टी गर्द आहे, कारण तेथील मथळे पांढऱ्या अक्षरांत यायचे आहेत. दोन्ही जागा आपापल्या परीने सारख्या रंगाच्या असणे महत्त्वाचे आहे. अर्धी पट्टी उजळ आणि अर्धी गडद आली तर कोणत्याही रंगाचा मथळा मध्येच हरवतो.

प्रॉम्प्टमध्ये गावाचे नाव घातलेले नाही, ते हेतुपुरस्सर. याच नावाच्या इतर गावांपासून वेगळे ओळखण्यासाठी गावाच्या नावामागे लागलेला ‘रेल्वे’ हा शब्द वाचून प्रणाली बाईच्या मागे फलाट किंवा इंजिन उभे करण्याचा संभव असतो. स्थानिकता नावातून येत नाही, ती तपशिलातून मागावी लागते.

हे तपशील तपासताना जाणकाराची नजर लागते. ‘कपाशीचे शेत’ असे मोघम मागितल्यास पाने गळालेल्या करड्या झाडांवर पांढऱ्या बोंडांची सलग चादर येण्याची शक्यता मोठी असते. ते दृश्य यंत्राने वेचणी होणाऱ्या अमेरिकी शेताचे आहे, जेथे वेचणीपूर्वी औषध फवारून पाने गाळतात. वऱ्हाडात हाताने वेचणी होते. झाडावर हिरवी पाने असतानाच काही बोंडे फुटलेली आणि काही मिटलेली असतात, आणि वेचलेला कापूस कमरेला बांधलेल्या ओटीत जातो. चेहऱ्याबाबतही असेच घडते. वय व त्वचेचे वर्णन न दिल्यास तरुण, गोरी, दागिन्यांनी मढलेली स्त्री येते. वेचणीच्या आरंभी सीतादही करणाऱ्या घरांतून हा अंक वाचला जाणार असेल, तर अशा मुखपृष्ठावरील शेतकरीण पाहताक्षणी परकी वाटेल.

## देवनागरी शीर्षभागाच्या अडचणी

रोमन मोठ्या अक्षरांतील नाव एकाच उंचीच्या पट्टीत बसते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार येतात, तर खाली उकार. ‘वऱ्हाड’ या नावात वर किंवा खाली काहीच येत नसल्याने उपलब्ध उंची पूर्णपणे अक्षरांच्या अंगास मिळते. याच अंकाचे नाव ‘स्फूर्ती’ असते तर वरचा रफार व वेलांटी आणि खालचा दीर्घ उकार यांना जागा द्यावी लागून त्याच पट्टीत अक्षरे बरीच लहान झाली असती. म्हणून आकाशाची उंची प्रॉम्प्ट लिहिण्यापूर्वी, नाव एकदा प्रत्यक्ष टंकित करून पाहून ठरवावी लागते.

इंग्रजी मासिकांत डोके नावाच्या अक्षरांवर चढवण्याची लोकप्रिय युक्ती आहे. डोके खालून येते, त्यामुळे ते अक्षरांचा खालचा भाग झाकते. रोमन अक्षरे वरच्या अर्ध्या भागावरून बऱ्यापैकी ओळखता येतात. देवनागरीत वर उरते ती शिरोरेषा, जी सर्व अक्षरांस सारखीच असते. ओळख पटवणारा आकार तिच्या खाली असतो. परिणामी मराठी शीर्षभागावर डोके चढवायचे झाल्यास ते फक्त एखाद्या कान्याच्या दांडीपुरते चढवणे योग्य ठरते.

अक्षरे बसवतानाही चूक होऊ शकते. इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी ‘वर्ल्ड-रेडी’ रचनाकार निवडलेला नसल्यास वेलांट्या जागा सोडतात व जोडाक्षरे फुटतात. ‘वऱ्हाड’मधील अर्धा र त्याची चांगली कसोटी आहे. तो नेहमीच्या ‘र’ने नव्हे, तर ‘ऱ’ व हलन्ताने टंकित होतो, आणि फाँटमध्ये त्याचे रूप नसल्यास लगेच उघडा पडतो.

## चित्राची तपासणी

मिळालेले चित्र प्रथम कृष्णधवल करून अंगठ्याएवढे लहान केले जाते. त्या आकारातही चेहरा एकटाच नजरेत भरत असेल आणि वरची व डावी जागा शांत वाटत असेल, तर आखणी साधली आहे. डोके वरच्या कडेला टेकले असल्यास पुन्हा प्रॉम्प्ट लिहिण्यापेक्षा कॅनव्हास वरच्या बाजूस वाढवून तेवढेच आकाश प्रणालीकडून भरून घेणे सोपे असते, कारण हवा तो चेहरा पुन्हा मिळेलच असे नाही.

छपाईची गणना वेगळी आहे. ३०० डीपीआयवर २१६ × ३०३ मिलिमीटरसाठी सुमारे २५५१ × ३५७९ पिक्सेल लागतात. स्टेबल डिफ्यूजन एक्सएलसारखी प्रणाली ८३२ × १२१६ पिक्सेलचे चित्र देते. ते चौपट मोठे करून मग आवश्यक मापावर आणि प्रमाणात कापले जाते. मोठे करताना सुरकुत्या पुसल्या जाऊन त्वचा मेणासारखी गुळगुळीत होते, आणि पडद्यावर लहान दिसणाऱ्या चित्रात हा दोष लक्षात येत नाही. म्हणून डोळ्यांभोवतीचा भाग प्रत्यक्ष छपाईच्या मापात पाहावा लागतो.

## मर्यादा

ही पद्धत अनामिक चेहऱ्यापुरतीच उपयुक्त आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले गाडगे महाराज मुखपृष्ठावर हवे असल्यास प्रणाली दाढी, डोक्यावरील खापर व हातातील झाडू ही चिन्हे जमवू शकते, परंतु चेहरा भलत्याच कोणाचा असण्याची भीती असते. ज्या प्रदेशात ते छायाचित्र घरोघरी आहे तेथे हे खपत नाही. अशा वेळी मूळ छायाचित्र किंवा चित्रकार हाच मार्ग उरतो, आणि प्रॉम्प्टचा उपयोग मागील आकाशापुरता राहतो.

अनामिक चेहऱ्यातही एक पेच आहे. अंकात प्रत्यक्ष वेचणाऱ्या स्त्रियांच्या मुलाखती असतील, तर मुखपृष्ठावरील कल्पित स्त्री त्यांच्यापैकीच एक आहे असा वाचकाचा समज होतो. आतील श्रेयनामावलीत चित्र प्रणालीनिर्मित असून ते कोणत्याही व्यक्तीचे नाही, अशी ओळ छापणे त्यामुळे आवश्यक ठरते. छायाचित्रकाराच्या नावाची जागा कोरी ठेवल्याने तो समज दूर होत नाही.