निवृत्तिवेतनार्ह वेतन

निवृत्तिवेतनाची रक्कम ठरवताना हिशेबात धरला जाणारा वेतनाचा भाग. दरमहाचे एकूण वेतन याहून मोठे असते. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आलेल्या राज्य शासकीय व जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ लागू आहेत. पूर्ण निवृत्तिवेतनास पात्र असलेल्याला अखेरच्या मूळ वेतनाच्या किंवा शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरीच्या, यांपैकी जे लाभदायक त्याच्या निम्मी रक्कम मिळते.

उदाहरण : कुंभार पिंपळगाव (ता. घनसावंगी, जि. जालना) येथील जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाचे अखेरचे मूळ वेतन सोयीसाठी ७०,००० रुपये धरू. ५५ टक्के दर धरल्यास महागाई भत्ता ३८,५०० आणि ग्रामीण भागाच्या १० टक्के दराने घरभाडे भत्ता ७,००० रुपये होतो. एकूण वेतन १,१५,५०० रुपये. निवृत्तिवेतन मात्र ३५,००० रुपये, म्हणजे एकूण वेतनाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी.

भत्ते वगळण्याची कारणे : घरभाडे भत्ता नोकरीच्या गावाशी बांधलेला असतो. तेवढेच मूळ वेतन घेणाऱ्या छत्रपती संभाजीनगरमधील शिक्षकाला तो २० टक्के, म्हणजे १४,००० रुपये मिळतो. तो हिशेबात धरला, तर केवळ शेवटची नेमणूक शहरात होती म्हणून त्याला आयुष्यभर दरमहा ३,५०० रुपये जास्त मिळतील. निवृत्तीनंतर नेमणुकीचे गाव उरत नाही, म्हणून भत्ताही उरत नाही. प्रवास भत्त्यालाही हाच न्याय लागू होतो.

महागाई भत्त्याचे कारण वेगळे आहे. निवृत्तिवेतनावर ‘महागाई वाढ’ स्वतंत्रपणे मिळते. वरील उदाहरणात ३५,००० रुपयांवर ५५ टक्के दराने १९,२५० रुपये मिळून एकूण ५४,२५० होतात. मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या बेरजेची निम्मी रक्कमही तेवढीच येते. भत्ता आधी धरून वर पुन्हा वाढ दिली, तर एकाच महागाईची भरपाई दोनदा होईल.

कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ : सहकारी साखर कारखान्यांसारख्या आस्थापनांतील कामगारांच्या या योजनेत निवृत्तिवेतनावर महागाई वाढ नाही, तेथे महागाई भत्ता वेतनातच धरतात. मात्र १ सप्टेंबर २०१४ पासून निवृत्तिवेतनार्ह वेतनाची सर्वसाधारण मर्यादा दरमहा १५,००० रुपये आहे. घरभाडे भत्ता येथेही वगळला जातो. परंतु सर्व कामगारांना सरसकट दिलेली रक्कम ‘विशेष भत्ता’ म्हटल्याने भविष्य निर्वाह निधीच्या वर्गणीतून सुटत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ रोजी दिला.

पडताळणी : १९८२च्या नियमांखालील कर्मचाऱ्याने निवृत्तीपूर्वी वेतनचिठ्ठीतील एकूण रकमेऐवजी सेवापुस्तकातील मूळ वेतन आणि वेतननिश्चितीवरील वेतन पडताळणी पथकाचा शिक्का तपासावा. तेथे एक वेतनवाढ चुकली, तर निवृत्तिवेतन व त्यावरील महागाई वाढ ही दोन्ही चुकतात.