रक्तदाब, पोटॅशियम आणि मूत्रपिंड: कोणी काळजी घ्यावी?

केळी, शहाळ्याचे पाणी, डाळी व पालेभाज्यांतील पोटॅशियममुळे शरीरातील जादा सोडियम लघवीवाटे बाहेर पडते आणि रक्तदाब कमी होण्यास मदत होते. मात्र मूत्रपिंड नीट काम करत नसल्यास पोटॅशियम रक्तात साचते. टेल्मिसार्टन, एनालाप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्यांमुळेही ते वाढू शकते.

उदाहरणार्थ, क्रिएटिनिन वाढलेल्या व टेल्मिसार्टन घेणाऱ्या रुग्णाने 'लो सोडियम' मीठ सुरू केले, तर त्यातील पोटॅशियम क्लोराइड धोकादायक ठरू शकते. सुरुवातीला बहुधा त्रास जाणवत नाही. वाढ रक्ततपासणीतच कळते. म्हणून अशा रुग्णांनी मीठ बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, पण गोळी स्वतःहून बंद करू नये. हातापायांत अशक्तपणा किंवा छातीत अनियमित धडधड जाणवल्यास त्वरित रुग्णालयात जावे.