काचेची कुपी: फक्त तापलेलाच स्प्रिंकलर का उघडतो?

चित्रपटांतला एक प्रसंग आपण सर्वांनी पाहिलेला आहे. नायक छताच्या स्प्रिंकलरखाली लायटर धरतो आणि क्षणार्धात सगळ्या इमारतीत पाऊस कोसळू लागतो. नायक निसटतो, खलनायक भिजतो. प्रत्यक्षात असे केल्यास फार तर तो एक स्प्रिंकलर फुटेल. तीन मीटरवरचा त्याचा शेजारी कोरडा राहील. पाणी फक्त तापलेल्या ठिकाणीच पडावे, ही साधी वाटणारी गोष्ट साध्य व्हायला सूतगिरण्यांना आणि त्यांच्या विमा कंपन्यांना काही दशके झगडावे लागले. आजचा धागा त्या झगड्याविषयी आणि त्यातून निघालेल्या एका बोटभर काचेच्या कुपीविषयी.

सुरुवात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लोवेल या गिरणगावापासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तेथील गिरण्यांत छताखालून भोके पाडलेले लोखंडी नळ फिरवले जाऊ लागले. आग लागली की कोणीतरी धावत जाऊन खालची झडप उघडायची आणि त्या नळांच्या सगळ्या भोकांतून एकाच वेळी पाणी सुटायचे. हवेत कापसाचे तंतू, लाकडी जमिनीत मुरलेले यंत्रांचे तेल, अशा ठिकाणी आग पसरायला मिनिटे पुरत. त्यामुळे ही सोय वरदानच वाटावी.

पण तिच्यात दोन दोष होते. पहिला म्हणजे झडप उघडायला माणूस लागे, आणि रात्री आग लागली तर तो माणूस जागेवर असेलच असे नाही. दुसरा दोष अधिक सूक्ष्म होता. एका कोपऱ्यातल्या आगीसाठी सगळा भाग भिजे. न जळलेल्या कापडाच्या गठ्ठ्यांची आणि यंत्रांची नासाडी होई. शिवाय उपलब्ध पाणी सगळ्या भोकांत वाटले गेल्याने खुद्द आगीवर त्यातला अगदी थोडा वाटा पडे. नळ भरपूर, पाणी भरपूर, आणि आगीच्या वाट्याला मात्र शिंतोडे! माझ्या मते स्प्रिंकलरच्या इतिहासातला खरा प्रश्न हाच आहे. पाणी कसे आणायचे, हे कळलेले होते. ते कुठे सोडायचे, हे कोणी ठरवायचे?

उत्तर आले कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन शहरातून, एका पियानो कारखानदाराकडून. हेन्री पार्मली याने १८७४ मध्ये आपल्या स्प्रिंकलरचे पेटंट घेतले. त्याची युक्ती अशी होती: नळात पाणी कायम भरलेले ठेवायचे आणि प्रत्येक तोंडावर पितळी टोपी डाखाने, म्हणजे सोल्डरने, चिकटवून ते बंद करायचे. डाख नेहमीचा नाही, तर कमी तापमानाला वितळणारा. खाली आग लागली की त्या टोपीचा डाख वितळे, पाण्याचा दाब टोपी उडवून देई आणि तेवढ्याच तोंडातून पाणी सुटे. निर्णय झडपेपाशी धावणाऱ्या माणसाकडून काढून प्रत्येक तोंडाकडे सोपवला गेला.

तरीही पार्मलीचा स्प्रिंकलर मंद होता, आणि त्याचे कारण मजेदार आहे. डाखाचा सांधा पाण्याने भरलेल्या धातूला थेट लागून होता. आगीची उष्णता सांध्यापर्यंत पोहोचली तरी आतले थंड पाणी ती शोषून घेई. आग विझवण्यासाठी ठेवलेले पाणीच स्प्रिंकलरला उघडू देत नसे! प्रॉव्हिडन्सच्या फ्रेडरिक ग्रिनेल याने १८८१ मध्ये हा दोष दूर केला. त्याने डाखाचा सांधा पाण्यापासून लांब, मोकळ्या हवेत असलेल्या तरफेवर नेला. आता सांध्याला उष्णता लागे ती आगीची, आणि ती पाण्यात निसटून जात नसे.

येथे क्षणभर थांबून १९११ सालच्या न्यूयॉर्ककडे पाहू. ट्रँगल शर्टवेस्ट या शिवणकारखान्यात आठव्या मजल्यावर, कापड बेतायच्या टेबलाखाली साठलेल्या चिंध्यांत आग लागली. १४६ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. त्या इमारतीत स्प्रिंकलर नव्हते. ग्रिनेलचा स्प्रिंकलर तोवर तीस वर्षे जुना झाला होता आणि सूतगिरण्यांत रुळलाही होता. गिरण्यांतला माल वाचवण्यासाठी विमा कंपन्यांनी आग्रह धरला होता. माणसे वाचवण्यासाठी तसा आग्रह धरणारे कोणी नव्हते.

डाखाच्या स्प्रिंकलरमध्ये एक दुखणे मात्र उरलेच. डाख हा मऊ धातू. त्याच्यावर पाण्याच्या दाबाचा आणि तरफेचा भार वर्षानुवर्षे राहिला तर तो अगदी हळूहळू सरकतो. रंगाऱ्यांच्या कारखान्यांत किंवा आम्लाच्या वाफा असलेल्या जागी धातूचे भाग गंजून अडकतात. म्हणजे तो नको तेव्हा उघडू शकतो आणि हवा तेव्हा अडून बसू शकतो. १९२० च्या दशकात ग्रिनेलच्या स्प्रिंकलरचे ब्रिटिश उत्पादक, मँचेस्टरचे मॅथर अँड प्लॅट, यांनी ‘क्वार्टझॉइड’ नावाचा स्प्रिंकलर बाजारात आणला. त्यात डाखाच्या जागी द्रव भरलेली बंद कुपी होती. (पुणेकरांना हे नाव चिंचवडच्या पंपांच्या कारखान्यामुळे परिचयाचे असेल. तेच हे मॅथर अँड प्लॅट.)

काच आणि पाण्याच्या दाबाखालची झडप, ही जोडी ऐकायला वेडेपणाची वाटते. पण काचेचा एक स्वभाव त्या कल्पनेच्या मुळाशी आहे. काच दाबली असता विलक्षण भार सोसते, ताणली असता मात्र सहज तुटते. स्प्रिंकलरच्या धातूच्या चौकटीत कुपी उभी असते. तिच्या एका टोकाला नळाचे तोंड बंद करणारे बूच असते आणि दुसऱ्या टोकाला ती घट्ट बसवणारा स्क्रू. साडेबारा मिलिमीटरच्या तोंडावर पाच बार दाब असेल तर बुचावर साधारण सव्वासहा किलो वजनाइतका भार येतो. शिवाय बूच गळू नये म्हणून स्क्रूचा जास्तीचा भार असतो. हे सगळे कुपीला दाबणारे बळ आहे, आणि ते काच वर्षानुवर्षे न सरकता, न गंजता पेलते.

आता कुपीच्या आत पाहा. रंगीत द्रव आणि त्यात एक छोटा बुडबुडा. हा बुडबुडा म्हणजे उत्पादनातली चूक नव्हे, तेच या यंत्राचे घड्याळ आहे. तापमान वाढले की द्रव फुगतो. काच त्यामानाने फारच कमी फुगते. द्रवाला जागा हवी असते आणि ती बुडबुडा आकसून देत राहतो. म्हणून उन्हाळ्याच्या दुपारी कुपीत फक्त बुडबुडा लहान होतो, रात्री पुन्हा मोठा होतो, आणि काचेवर काही परिणाम होत नाही. पण तापमान ठरलेल्या मर्यादेजवळ आले की बुडबुडा नाहीसा होतो. मग द्रवाला जायला जागाच उरत नाही. द्रव दाबला जात नाही म्हटले तरी चालेल, म्हणून प्रत्येक अंशासरशी आतला दाब वातावरणाच्या दाबाच्या कित्येक पटींनी चढतो. हा दाब काचेला आतून बाहेर ताणतो, आणि ताण तर काचेला सोसत नाही. कुपी एकदम चुरा होते, बूच निसटते, पाण्याची धार समोरच्या दातेरी चकतीवर आपटून छत्रीसारखी पसरते. कुपी किती अंशांना फुटावी हे ठरते ते मुख्यतः भरताना ठेवलेल्या बुडबुड्याच्या आकारावरून.

या सगळ्यात कुठेही वीज नाही, तार नाही, एका स्प्रिंकलरने दुसऱ्याला कळवावे अशी काही सोयच नाही. धूरही कुपीला कळत नाही. तिला कळते ते फक्त तिचे स्वतःचे तापमान. म्हणून प्रश्न एवढाच उरतो की छताखाली कोणती कुपी किती तापते.

एक उदाहरण घेऊ. तीन मीटर उंचीचे मोकळे छत, खोलीचे तापमान ३० अंश सेल्सियस, आणि खाली सुमारे ५०० किलोवॉटची आग, म्हणजे साधारण एक गादीची खुर्ची चांगली पेटलेली. गरम वायू सरळ वर जातो आणि छताला लागून सर्व दिशांना पसरतो. पसरताना त्यात थंड हवा मिसळत जाते. अग्निशास्त्रातल्या प्रचलित सूत्रांनी हिशोब केला तर आगीच्या मध्यापासून एक मीटरवर हा वायू सुमारे १४० अंश असतो, चार मीटरवर ७५ आणि सात मीटरवर ६१ अंशांच्या आसपास. या तीन ठिकाणी ६८ अंशांच्या तीन कुप्या आहेत असे समजू.

पहिली कुपी, नेहमीच्या पाच मिलिमीटर जाडीची असेल तर, अंदाजे २५ सेकंदांत फुटते. वायू १४० अंश असला तरी काच आणि द्रव तापायला वेळ लागतो. तीन मिलिमीटरची बारीक कुपी हेच काम सुमारे दहा सेकंदांत करते. दुसऱ्या कुपीभोवतीचा वायू मर्यादेच्या जेमतेम वर आहे आणि संथही आहे. तिला तीन मिनिटांहून अधिक काळ लागेल. तिसरी कितीही वेळ थांबली तरी फुटणार नाही, कारण तिच्याभोवती ६८ अंश होतच नाहीत. पण पहिली २५ व्या सेकंदाला उघडली आहे आणि तिच्यातून मिनिटाला ८० लिटर किंवा अधिक पाणी थेट आगीवर पडते आहे. आग दबते, वायू निवतो, आणि दुसऱ्या कुपीची ती तीन मिनिटे बहुतेक वेळा पुरी होतच नाहीत. लोवेलच्या भोकांच्या नळांना जे जमले नाही ते येथे आपोआप होते: सगळे पाणी एकाच जागी, आगीवर.

या स्वातंत्र्याची एक अडचणही आहे. दोन स्प्रिंकलर फार जवळ बसवले तर पहिल्याचे तुषार दुसऱ्याच्या कुपीवर उडून तिला थंड ठेवतात, आणि गरज असूनही ती फुटत नाही. म्हणून नेहमीच्या स्प्रिंकलरांत साधारण १.८ मीटर तरी अंतर राखतात. उलट आग फार वेगाने पसरणार असेल, उदाहरणार्थ विमानांच्या हँगरमध्ये, तर कुपीच नसलेली उघडी तोंडे बसवून मुख्य झडप वेगळ्या यंत्रणेने उघडतात. चित्रपटातला पाऊस पडेल तो फक्त अशा ठिकाणी.

पुढच्या वेळी एखाद्या मॉलमध्ये वर पाहाल तेव्हा द्रवाचा रंग बघा. लाल म्हणजे ६८ अंश, पिवळा ७९, हिरवा ९३, निळा १४१. स्वयंपाकघरात भट्टीच्या वर लाल कुपी दिसली तर ती चुकीची जागा आहे. तेथे हिरवी किंवा निळी हवी. कुपीवर छताचा रंग फासला गेला असेल तर तो उष्णता आत जायला उशीर लावतो, आणि असा स्प्रिंकलर पुसून भागत नाही, बदलावाच लागतो. कुपीतला द्रव गळून ती रंगहीन, रिकामी झाली असेल तर ती आगीत फुटणारच नाही, बूच मात्र इमानाने धरून राहील.