उंची कमी करण्याची गोळी

पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण घरात वयात येणारी मुलगी असेल तर नक्की वाचा.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एक ताई घरी आल्या. मुलगी आठवीत, उंची पाच फूट आठ इंच. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग हळूच विचारलं, "दादा, तुम्ही पेपरवाले, तुम्हाला माहीत असतं. उंची थांबवायचं काही औषध असतं का हो? अजून वाढली तर पुढं स्थळं कशी मिळणार?"

मला आधी हसू आलं. वीस वर्षं पेपरात काम करतोय. 'उंची वाढवा, खात्रीशीर उपाय' अशा जाहिराती आमच्याच पानांवर किती छापून गेल्या, मोजदाद नाही. थांबवायचं औषध मात्र पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. म्हणलं, असलं काही नसतं ताई. त्या गेल्या. रात्री वाचायला बसलो आणि कळलं की मी चुकीचं सांगितलंय. असं औषध होतं. हजारो मुलींना दिलं गेलं, तेही मोठमोठ्या दवाखान्यांत, नामांकित डॉक्टरांकडून. त्याचा हा इतिहास.

आधी उंची थांबते कशी, ते बघू. लांब हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक पट्टी असते, तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. तिथं नवं हाड तयार होत राहतं, तोवर मूल वाढतं. वयात आल्यावर इस्ट्रोजेन या हार्मोनच्या परिणामानं ही पट्टी हळूहळू संपते, तिचं हाड होतं आणि वाढ कायमची थांबते. मुलगे सुद्धा इस्ट्रोजेनमुळंच थांबतात. 1994 साली अमेरिकेतल्या एका 28 वर्षांच्या माणसाची केस प्रसिद्ध झाली. त्याच्या शरीरावर इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता. त्याची उंची 204 सेंटिमीटर होती आणि त्या वयातही हाडांचं वय पंधराच्या आसपास होतं. वाढ सुरूच होती.

हे सगळं इतकं नीट कळायच्या कितीतरी आधी डॉक्टरांनी अंदाज बांधला होता की मुलीला बाहेरून भरपूर इस्ट्रोजेन दिलं तर पट्ट्या लवकर बंद होतील. 1956 साली गोल्डझीहर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी उंच मुलींवरच्या या उपचाराचा लेख छापला. आणि 1959 पासून ऑस्ट्रेलियात, मेलबर्नमध्ये, डॉ. नॉर्मन वेटनहॉल यांनी हा उपचार सुरू केला.

वेटनहॉल कोणी भोंदू नव्हते. लहान मुलांच्या हार्मोनच्या आजारांतले तिथले ते मोठं नाव. पक्ष्यांचे अभ्यासक, निसर्गरक्षणाच्या कामात पुढं असलेला माणूस. त्यांच्याकडं येणाऱ्या मुली आजारी नव्हत्या, नुसत्या उंच होत्या. त्यांना घेऊन येणाऱ्या आया बहुतेक स्वतःही उंच. मापाचे कपडे नाहीत, नाचायला जोडीदार नाही, लग्नाची काळजी. आपण भोगलं ते मुलीनं भोगू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. आमच्या गल्लीतल्या ताईंचं तरी दुसरं काय होतं?

पद्धत अशी होती. मुलीच्या हाताचा एक्स-रे काढायचा. तो नमुन्याच्या चित्रांशी ताडून 'हाडांचं वय' ठरवायचं. मग तक्त्यात बघायचं की या वयाला मुलगी आपल्या शेवटच्या उंचीच्या किती टक्के झालेली असते. त्यावरून शेवटची उंची काढायची. ती पाच फूट दहा इंचांच्या, म्हणजे साधारण 178 सेंटिमीटरच्या वर जाणार असं दिसलं, की उपचाराचा विचार. सुरुवातीला स्टिलबेस्ट्रॉल नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन दिलं, रोज 3 मिलिग्रॅम. पुढं एथिनिल इस्ट्राडिओल, रोज 150 मायक्रोग्रॅम. आजच्या नेहमीच्या गर्भनिरोधक गोळीत हेच औषध साधारण 30 मायक्रोग्रॅम असतं. म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या पोरीला पाचपट डोस, रोज, हाडं बंद होईपर्यंत, साधारण दोनेक वर्षं. पाळी यावी म्हणून महिन्यातले काही दिवस दुसरं हार्मोन. मळमळ, वजन वाढणं, पायात गोळे येणं, स्तनाग्रं काळी पडणं, जास्त रक्तस्राव. रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वेगळाच.

आणि मिळायचं काय? सरासरी काही सेंटिमीटर. लवकर सुरू केलं तर जास्त, उशिरा केलं तर जवळपास काहीच नाही.

इथं एक हिशोब करून बघा. समजा मुलगी 168 सेंटिमीटर आहे आणि एक्स-रेवरून हाडांचं वय बारा वर्षं ठरलं. तक्ता सांगतो की या वयाला मुलगी शेवटच्या उंचीच्या सुमारे 92 टक्के असते. 168 ला 0.92 ने भागलं की साधारण 182 ते 183 येतात. म्हणजे जवळपास सहा फूट. आई घाबरली, गोळी सुरू. आता तोच एक्स-रे दुसऱ्या डॉक्टरांनी पाहिला आणि म्हणाले, नाही, हाडांचं वय साडेबारा दिसतंय. साडेबाराला तक्ता सुमारे 94 टक्के सांगतो. उत्तर येतं 179 च्या आत. एक्स-रे वाचण्यात सहा महिन्यांचा फरक पडला की चारेक सेंटिमीटर इकडचे तिकडं. असा फरक पडणं काही मोठी चूक मानत नाहीत, ते वाचणंच तसं असतं.

म्हणजे अंदाजातली चूक आणि गोळीचा फायदा जवळपास सारखाच. मुलगी 179 ला थांबली तर डॉक्टर म्हणणार, गोळीनं चार सेंटिमीटर वाचवले. पण ती गोळीविनाही तिथंच थांबली नसती कशावरून? एका मुलीपुरतं हे कधीच सिद्ध होत नाही, कारण गोळी न घेतलेली तीच मुलगी शेजारी उभी करता येत नाही. या उपचाराची खरी गोम मला इथं वाटते. औषधाचा त्रास मुलीला रोज दिसत होता. फायदा मात्र कायम कागदावरच्या आकड्याशी तुलना करून सांगितला जायचा.

1971 साली पहिला मोठा धक्का बसला. गरोदरपणात स्टिलबेस्ट्रॉल घेतलेल्या बायकांच्या मुलींना, तरुणपणीच, योनीचा एक दुर्मीळ कर्करोग होतोय, असं अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं. उंच मुलींची गोष्ट वेगळी होती. त्यांनी औषध स्वतः घेतलं होतं, आईच्या पोटात असताना नाही. तरी औषध तेच. या मुली मोठ्या झाल्या, कोणाला मूल होईना, कोणाला पाळीचे त्रास. डॉक्टरांना विचारलं तर उत्तर द्यायला कोणाकडं काही नव्हतंच. कारण उपचार संपल्यावर त्यांचं पुढं काय झालं, हे वर्षानुवर्षं कोणी तपासलंच नव्हतं.

मग जेनेट क्रेगन-वूड या बाईंनी, ज्यांना स्वतःला मुलगी असताना हा उपचार दिला होता, 'टॉल गर्ल्स' नावाचा गट उभा केला. आमच्यावर काय परिणाम झाला ते शोधा, हा त्यांचा आग्रह. त्यातून संशोधकांनी डॉक्टरांच्या जुन्या नोंदी काढल्या. फक्त औषध घेतलेल्या बायका शोधल्या नाहीत, त्याच डॉक्टरांकडं उंचीसाठी जाऊन आलेल्या पण औषध न घेतलेल्या बायकाही शोधल्या. तुलना सारख्याला सारखी झाली. 371 उपचार घेतलेल्या, 409 न घेतलेल्या.

2004 साली निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही, असं सांगणाऱ्यांचं प्रमाण औषध घेतलेल्यांत 1.8 पट होतं. वंध्यत्वाची औषधं घ्यावी लागण्याचं प्रमाण दुप्पट. कोणत्याही एका महिन्यात गर्भ राहण्याची शक्यता सुमारे 40 टक्क्यांनी कमी. 2011 मध्ये नेदरलँड्समधल्या अभ्यासातही अंडाशयाची क्षमता लवकर घटल्याची चिन्हं आढळली.

त्याच ऑस्ट्रेलियन बायकांना आणखी एक विचारलं गेलं, तेव्हाच्या निर्णयाबद्दल आज काय वाटतं? औषध न घेतलेल्यांपैकी 99 टक्के म्हणाल्या, बरं झालं घेतलं नाही. त्यांची उंची कितीही झाली असो. औषध घेतलेल्यांपैकी 42 टक्के नाराज होत्या. प्रामाणिकपणे सांगायचं तर याचा अर्थ असाही होतो की अर्ध्याहून जास्त नाराज नव्हत्या. त्यांचा शाळेतला त्रास खरा होता, त्यांना ते औषध आधार वाटलं असेल. ते खोटं ठरवायचा मला अधिकार नाही.

बाजू मांडणारे म्हणतात, तेव्हा हे धोके कोणालाच माहीत नव्हते. बरोबर आहे. पण निरोगी पोरीला औषध देताना 'माहीत नाही' हे थांबण्याचं कारण असायला हवं होतं. आजारी माणूस धोका पत्करतो, कारण आजार त्याहून वाईट असतो. इथं आजार कुठं होता? बारा वर्षांच्या मुलीला विचारलं तर ती वर्गातल्या चिडवण्याचा विचार करणार. पस्तिसाव्या वर्षी मूल हवंसं वाटेल, हे तिला आत्ता कळणार कसं? आणि तिच्या वतीनं हो म्हणणारी आई स्वतःचं जुनं दुःख सोबत घेऊन आलेली.

आता हा उपचार बराच मागं पडलाय. मुलगे-मुली खूपच उंच होणार असतील तर युरोपात काही ठिकाणी गुडघ्याजवळच्या ग्रोथ प्लेट ड्रिल करून बंद करतात. त्यात हार्मोनचा प्रश्न नाही. पण फक्त पायांची वाढ थांबते, धड वाढत राहतं. दोन्ही पायांत फरक पडायची भीती असते. आणि एकदा बंद केलं की परत उघडता येत नाही.

हे सगळं वाचून झाल्यावर मी त्या ताईंकडं गेलो. माझी चूक कबूल केली. मुलीची पाळी सुरू होऊन वर्ष झालंय, असं त्यांनी सांगितलं. म्हणलं, पाळी सुरू झाल्यावर मुली सरासरी पाच-सात सेंटिमीटरच वाढतात, त्यातलं बरंचसं होऊनही गेलं असेल. डॉक्टरांकडं जरूर न्या, पण वेगळ्या कारणासाठी. फार उंच, हडकुळं, लांब बोटांचं मूल असेल तर मारफान सिंड्रोम नाही ना, हे बघतात. त्यात हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी कमजोर असते, सोनोग्राफीसारख्या इको तपासणीत ते कळतं. तपासायचं असेल तर ते तपासा.

पोरगी आतल्या खोलीतून सगळं ऐकत होती. बाहेर आली, दाराची चौकट चुकवायला सवयीनं मान वाकवली आणि आईला म्हणाली, "मला विचारलं का कोणी?"