१२७ आणि १२८ यांच्यामधली पायरी
* पनवेलच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत लेखकाने जोडलेली, डिजिटल संकेताचे व्होल्टेज करणारी R-2R शिडी १० आणि २० किलोओहमच्या रेझिस्टरांची, आठ बिटांची. संदर्भ व्होल्टेज ५ असेल, तर संकेताच्या दशमान किमतीला ५ने गुणून २५६ने भागावे: १२८ला २.५ व्होल्ट, पायरी सुमारे १९.५ मिलिव्होल्टची. खरी मेख १२७वरून १२८ला जाताना आहे. तिथे खालचे सातही बिट शून्य होतात आणि सगळा भार एकट्या थोरल्या बिटावर येतो. त्याचा २० किलोओहमचा रेझिस्टर १ टक्का जास्त निघाला, तर १२७ला २.४९२८ आणि १२८ला २.४८७६ व्होल्ट मिळतात. संकेत चढतो, व्होल्टेज उतरते. मग सोनेरी पट्ट्याच्या, म्हणजे ५ टक्क्यांच्या रेझिस्टरांचे काय सांगावे! मल्टिमीटरने आधी हेच दोन संकेत मोजावेत. — संपादक