बाराची गाडी

भर दुपार. रस्ता ओस पडलेला. एका टोकाला मार्शल, दुसऱ्या टोकाला गुंड, दोघांचे हात कमरेच्या पिस्तुलावर अलगद टेकलेले. घड्याळात बाराचा ठोका पडतो, दोघं एकाच क्षणी पिस्तूल उपसतात आणि गुंड धुळीत कोसळतो. ‘हाय नून’ची गोष्ट भाऊमामा आम्हा मुलांना अशी सांगायचा. सांगताना स्वतः उठून उभा राहायचा आणि पायजम्याच्या नाडीपाशी बोटं थरथरवायचा.

हे सगळं नाना, म्हणजे माझे चुलत आजोबा, शेजारच्या खुर्चीत बसून ऐकायचे. पुण्याच्या छावणीतल्या एका टॉकीजमध्ये त्यांनी उभी हयात ऑपरेटर म्हणून काढली होती. मामाचं सांगून झालं की ते पानाचा डबा बंद करून शांतपणे म्हणायचे, ‘‘भाऊ, तू पाहिलास तो पिक्चर मी कधी दाखवला नाही.’’

आणि खरंच, ज्या चित्रपटानं दुपारी बाराच्या द्वंद्वयुद्धाला नाव दिलं, त्या चित्रपटात हे द्वंद्वयुद्ध नाहीच. बारा ही लढाईची वेळ नसून आगगाडीची वेळ आहे. हॅडलीव्हिल गावचा मार्शल विल केन सकाळी लग्न करतो, बिल्ला उतरवून ठेवतो आणि गाव सोडायला निघतो. तेवढ्यात तार येते. त्यानं तुरुंगात धाडलेला फ्रँक मिलर सुटला आहे आणि बाराच्या गाडीनं येतो आहे. त्याचे तीन साथीदार स्टेशनवर बाकड्यावर बसून वाट बघत आहेत. म्हणजे चार विरुद्ध एक. समोरासमोर, आमनेसामने, एकास एक असं त्यात काहीच नाही.

नानांना त्या चित्रपटाचं कौतुक होतं ते वेगळ्याच कारणासाठी. चित्रपट ८५ मिनिटांचा. गोष्ट सुरू होते तेव्हा साडेदहा वाजून गेलेले असतात आणि संपते ती बारा वाजून गेल्यावर. पडद्यावरची वेळ आणि प्रेक्षकाच्या मनगटावरची वेळ जवळजवळ बरोबरीनं चालते. नाना सांगायचे, ‘‘आमच्याकडे न्यूजरील, जाहिराती, मग इंटरव्हल आणि त्यानंतर पिक्चर अखंड. म्हणून तो बसला. मध्येच दिवे लावून लोकांना भजी खायला सोडलं असतं, तर गाडी लेट झाली असती.’’ बूथमधलं घड्याळ आणि पडद्यावरचं घड्याळ यांची ते तुलना करायचे. ठिकठिकाणी दोन-चार मिनिटांचा घोळ आहे, दिग्दर्शकानं थोडी लबाडी केली आहे, हेही त्यांनीच दाखवून दिलं.

लबाडी म्हणजे काय, ते बारा वाजण्याच्या प्रसंगात कळतं. केन टेबलाशी बसून मृत्युपत्र लिहितो आहे. घड्याळाचा लंबक हलतो आहे. मग एकामागून एक चेहरे येतात: चर्चमध्ये बसलेले लोक, सलूनमधले लोक, स्टेशनवरचे तिघं, रिकामे रुळ, आणि एक रिकामी खुर्ची. त्याच खुर्चीत बसून मिलरनं शिक्षा ऐकली होती. संगीताच्या ठेक्यावर हे तुकडे जोडले आहेत. मग गाडीची शिट्टी, आणि सगळ्यांच्या नजरा उठतात. एल्मो विल्यम्स आणि हॅरी गर्स्टॅड यांना संकलनाचं ऑस्कर मिळालं, ते उगीच नाही. इथे सेकंद सेकंदाएवढा राहत नाही, चांगला लांबतो. तरी पाहणाऱ्याला वाटतं की घड्याळ प्रामाणिकपणे चाललं आहे.

आमच्याकडे रविवारी अप्पा यायचे. निवृत्त फौजदार. त्यांनी हा चित्रपट एकदाच पाहिला होता, तोही नानांनी पास दिला म्हणून, आणि त्यांच्या लेखी ती बंदोबस्ताची केस होती. ‘‘जन्मठेपेचा कैदी सुटला आणि ठाण्याला आगाऊ कळवलं नाही? हा कसला कारभार!’’ इथून त्यांची सुरुवात. मिलरला फाशी सुनावली होती, ती जन्मठेपेवर आली आणि मग वरच्या लोकांनी त्याला सोडून दिलं, हे पटकथेत एका-दोन वाक्यांत उरकलं आहे. अप्पांना मात्र तीच मुख्य गोष्ट वाटायची.

पण ते रमायचे ते केन दारोदार फिरतो त्या भागात. एकांडा बंदूकबाज ही वेस्टर्नची सगळ्यात मोठी खूण. कुठून तरी येतो, कुठे तरी निघून जातो, त्याला आगापिछा नसतो. ‘हाय नून’च्या पुढच्याच वर्षी आलेला ‘शेन’ तसाच. केन मात्र एकटा असतोच असं नाही, त्याला गाव एकटं पाडतं, आणि आपण ते पायरीपायरीनं बघतो. न्यायाधीश तराजू आणि झेंडा भिंतीवरून काढून खोगिराच्या पिशवीत भरतो. हाताखालचा माणूस पद मिळत नाही म्हणून रुसून बसतो. एक जण उत्साहानं तयार होतो, आणि आणखी कोणीच आलेलं नाही हे कळताच त्याला बायकापोरं आठवतात. जुन्या मार्शलचे हात संधिवातानं वाकडे झालेले. चर्चमध्ये भली चर्चा होते, आणि केनचाच मित्र सांगतो की गोळीबार झाला तर उत्तरेकडचे पैसेवाले इथे दुकानं-कारखाने काढायचे नाहीत, तेव्हा तू गेलेलाच बरा. शेवटी उरतात एक एकाक्ष दारुडा आणि एक चौदा वर्षांचा पोरगा. केन दोघांनाही परत पाठवतो.

एक मित्र तर बायकोला दारात पाठवतो, ‘घरात नाहीत’ असं सांगायला. इथे अप्पा हटकून थांबवायचे. ‘‘बाजाराच्या दिवशी भर चौकात कुऱ्हाड चालली. पन्नास माणसं बघत होती. मी पंचनाम्याला पंच शोधत फिरलो, तर दर दारात बाई उभी. ‘हे रानात गेलेत.’ आणि आतून विडीचा ताजा वास!’’ मग ती केस, तिचा निकाल, साहेबांचा मेमो, असं अर्धा तास चालायचं. नाना तेवढ्यात पान लावून घ्यायचे.

सलूनबद्दल मामाचं म्हणणं असं, की तिथे पियानो वाजतो, पत्ते पिसले जातात, हीरो झुलती दारं ढकलून आत येतो आणि पियानो थांबतो. यात चूक काही नाही, शेकडो चित्रपटांत हेच आहे. त्या अर्ध्या दारांचा पडद्यावर उपयोगही मोठा. वर टोपी दिसते, खाली बूट दिसतात आणि माणूस कोण हे आत येईपर्यंत कळत नाही. ‘हाय नून’मध्ये केन आत जातो तो माणसं मागायला. पण सलूनमध्ये मिलरचे दोस्तच जास्त, कारण मिलरच्या काळात धंदा बरा चालायचा. दारात पोचतानाच त्याच्या कानावर पडतं की गाडी आल्यावर केन किती मिनिटांत मरेल, यावर गल्ल्यामागचा माणूस पैज लावतो आहे. केन त्याला ठोसा मारतो आणि लगेच ओशाळतो. हात उगारून काही साधलं नाही, असा त्याचा चेहरा. केनचं काम करणारा गॅरी कूपर तेव्हा पन्नाशीचा होता, पोटातल्या व्रणानं आणि पाठदुखीनं बेजार. छायाचित्रकार फ्लॉइड क्रॉस्बीनं आभाळ पांढरं फटफटीत ठेवलं आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या लपवल्या नाहीत.

आता मामाची बाजू. त्याचा शेवटचा मुद्दा नेहमी एकच: ‘‘पिक्चरमध्ये नसेल, पण इतिहासात होतंच ना?’’ याला थोडा आधार आहे. २१ जुलै १८६५ रोजी मिसूरीतल्या स्प्रिंगफील्डच्या चौकात वाइल्ड बिल हिकॉक आणि डेव्हिस टट समोरासमोर उभे राहिले. भांडण जुगाराच्या देण्याचं. टटनं हिकॉकचं खिशातलं घड्याळ तारण म्हणून उचललं होतं, आणि ते घालून चौकात मिरवू नकोस असं हिकॉकनं बजावलं होतं. टट मिरवला. दोघांत सुमारे ७५ यार्ड अंतर, दोघांनी जवळपास एकदम गोळी झाडली, टट मेला. खटला चालला, हिकॉक सुटला. हे खरं द्वंद्व. पण वेळ संध्याकाळी सहाच्या सुमाराची. दोन वर्षांनी एका मासिकात या माणसावर तिखटमीठ लावलेला लेख आला आणि हिकॉक देशभर गाजला.

ओके कॉरलच्या लढाईचं तर त्याहून गमतीचं आहे. २६ ऑक्टोबर १८८१, ॲरिझोनातलं टूम्बस्टोन, दुपारी तीनच्या सुमारास. जागा कॉरल नव्हतीच, शेजारच्या फोटो स्टुडिओलगतचं मोकळं बोळ. माणसं एकमेकांपासून काही फुटांवर, अर्ध्या मिनिटात तीसेक गोळ्या, तिघं मेले. भांडणाची एक जड बाजू अशी की गावात हत्यार घेऊन फिरायला मनाई होती. ती बजावायलाच अर्प बंधू निघाले होते. मनाईचं नाव ऐकलं की अप्पांचा चेहरा उजळायचा.

त्यातला वायट अर्प १९२९ पर्यंत जगला, लॉस एंजेलिसमध्ये. म्हातारपणी तो चित्रपटवाल्यांच्यात उठबस करायचा. दिग्दर्शक जॉन फोर्ड सांगायचा की अर्पनं आपल्याला ती लढाई स्वतः समजावून दिली होती आणि १९४६ च्या ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’मध्ये ती तशीच्या तशी घेतली आहे. त्या चित्रपटात अर्पच्या बाजूचा डॉक हॉलिडे लढाईत मरतो. खरा हॉलिडे सहा वर्षांनी क्षयानं अंथरुणात मेला. विरुद्ध बाजूचा म्हातारा क्लँटनही चित्रपटात लढाईच्या वेळी हजर आहे, प्रत्यक्षात तो त्याआधीच ऑगस्टमध्ये मारला गेला होता. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, दुसऱ्या म्हाताऱ्यानं ऐकलं आणि लक्षात ठेवलं ते असं. मला यात फोर्डचा खोटेपणा दिसत नाही, मामाचा हात नाडीपाशी गेलेला दिसतो.

‘हाय नून’मध्ये लढाई कशी होते, ते आमच्या घरात नीट आठवत होतं एका आत्याला. ती चित्रपटांची शौकीन नव्हती. पण केनची बायको एमी तिच्या लक्षात राहिली. एमी क्वेकर, शस्त्राला हात न लावणाऱ्यांतली, कारण बाप आणि भाऊ गोळीनं गेलेले. नवऱ्याला सोडून ती गाडीत बसलेली असते. पहिल्या गोळीचा आवाज येतो आणि ती उतरून धावत सुटते. पुढे खिडकीतून ती एकाला पाठीत गोळी घालते. त्याला कळतही नाही. वेस्टर्नच्या नियमांत पाठीत गोळी घालणारा तो नीच, आणि इथे ते काम नायिकेनं केलेलं. ‘‘मग काय त्याला हाक मारायची होती?’’ आत्या विचारायची. उत्तर कोणी द्यायचं नाही.

शेवटी गावकरी गोळा होतात आणि केन बिल्ला काढून धुळीत टाकतो. पटकथाकार कार्ल फोरमनला चित्रीकरणाच्याच काळात कम्युनिस्टविरोधी चौकशीला सामोरं जावं लागलं. त्याला काम मिळेना, तो इंग्लंडला गेला. मित्रांनी दारं कशी लावून घेतली, हे त्याला गावातल्या लोकांवरून सांगायचं होतं. जॉन वेनला हे समजलं आणि बिलकूल आवडलं नाही. त्यानं आणि दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सनं १९५९ मध्ये ‘रिओ ब्राव्हो’ काढून उत्तर दिलं, ज्यात शेरीफ नवशिक्यांची मदत घ्यायलाच तयार नसतो. १९७१ च्या एका मुलाखतीत वेननं तक्रार केली की कूपर बिल्ला टाकून वर पायानं चिरडतो. मामाचंही तेच मत, तो तर टाच फिरवून दाखवायचा. नाना म्हणायचे, फिल्म तुटल्यावर त्याच जागेवर मी जोड दिलाय, पाय उचललेला नाही. मामा म्हणायचा, तुमच्या प्रिंटमधून तेवढंच कापलं गेलं असेल.

अप्पांना दोघांचंही पटायचं नाही. ‘‘चिरडला काय, टाकला काय. बिल्ला सरकारी. जमा करून पावती घ्यायला हवी होती.’’