बिशप कोण नेमणार? कनोसाच्या बर्फापासून माहीमच्या चर्चपर्यंत

गेल्या महिन्यात नाशिकला आमच्या अभ्यासवर्गात एका मुलाने विचारलं, "युरोपात पोप आणि राजे भांडले, त्याचा आपल्याशी काय संबंध?" त्याच्या पाठ्यपुस्तकात तो झगडा एका परिच्छेदात आटोपला होता. मी त्याला म्हटलं, हा झगडा आपल्या कोकणात आणि मुंबईत 1950 पर्यंत चालला. त्याचा विश्वास बसला नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी मूळ भांडण समजून घेऊ. अकराव्या शतकात जर्मनीत बिशप म्हणजे फक्त धर्मगुरू नव्हता. त्याच्याकडे जमिनी होत्या, सैनिक होते, महसूल होता. म्हणून राजा स्वतःचा माणूस बिशप करायचा आणि अंगठी व दंड ही धार्मिक अधिकाराची चिन्हंही स्वतःच्या हाताने द्यायचा. 1075 मध्ये पोप सातवा ग्रेगरी म्हणाला, हा अधिकार राजाचा नाही. चौथ्या हेन्रीने पोपलाच पद सोडायला सांगितलं, तेव्हा पोपने त्याला बहिष्कृत केलं. बहिष्कृत राजाशी घेतलेली निष्ठेची शपथ प्रजेला बांधून ठेवत नाही, असंही जाहीर केलं. सरदार तर संधीच बघत होते. जानेवारी 1077 मध्ये हेन्रीला इटलीत कनोसाच्या किल्ल्याबाहेर बर्फात तीन दिवस माफीसाठी थांबावं लागलं. पुढे त्याच हेन्रीने रोम घेतलं आणि ग्रेगरी 1085 मध्ये रोमबाहेर मेला. अखेर 1122 मध्ये वर्म्स इथे तडजोड झाली: अंगठी आणि दंड चर्चने द्यायचे, जमिनीचा अधिकार राजाने द्यायचा.

पुस्तकं इथे थांबतात. पण पंधराव्या आणि सोळाव्या शतकात पोपांनीच हा अधिकार पोर्तुगालच्या राजाला एकेका फर्मानाने देऊन टाकला. त्या व्यवस्थेचं नाव पाद्रोआदो. राजाने समुद्रापारच्या मुलखात चर्च बांधायची, पाद्र्यांचे पगार द्यायचे. बदल्यात बिशपचं नाव राजा सुचवणार आणि पोप फक्त शिक्कामोर्तब करणार. 1534 मध्ये गोव्याला बिशपपीठ मिळालं ते याच अटींवर. ज्या हक्कासाठी ग्रेगरीने राजाला बर्फात उभं केलं होतं, तो आशियापुरता रोमने खर्चाच्या बदल्यात सोडून दिला. पैसा कोण देतो हे पाहिलं की नेमणूक कोण करतो ते कळतं, हे समाजकार्य करताना मी रोज बघतो.

रोमला लवकरच पश्चात्ताप झाला. 1622 मध्ये पोपने प्रोपगांडा फिदे नावाचं खातं उघडलं. लिस्बनला न विचारता थेट धर्मप्रसारक पाठवणं हे त्याचं काम. आता एकाच प्रदेशात एका चर्चचे दोन मालक झाले.

या दोघांच्या फटीतून एक माणूस वर आला, मातेउस द कास्त्रो. दिवाडी बेटावरचा, ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण घरातला. गोव्याच्या आर्चबिशपने त्याला पाद्री करायला नकार दिला, म्हणून तो रोमला गेला. तिथे प्रोपगांडाने त्याला शिकवलं, पाद्री केलं आणि 1637 मध्ये चक्क बिशप करून विजापूरच्या मुलखासाठी पाठवलं. लॅटिन चर्चमधला तो पहिला भारतीय बिशप. गोव्याच्या आर्चबिशपने त्याची नेमणूक मानलीच नाही. कारण सरळ होतं, ती लिस्बनच्या दरबारातून आलेली नव्हती. मग कास्त्रोने आदिलशाही हद्दीत, गोव्याच्या सीमेलगत डिचोलीला ठाण मांडलं आणि तिथून झगडत राहिला.

इथे आपल्यातले काहीजण त्याला लगेच बंडखोर नायक करतील. जरा थांबा. 1653 मध्ये त्याने एक लेख लिहून पोर्तुगीजांविरुद्ध हाक दिली, पण ती कोणाला? गोव्याच्या ब्राह्मणांना. लेखाचं नावच होतं 'ब्राह्मणांचा आरसा'. धर्म बदलला, जात शाबूत राहिली. गोऱ्या पाद्र्याने आपल्याला हीन लेखलं याचा त्याला राग होता. शेतात राबणाऱ्या ख्रिस्ती शूद्राला पाद्री का होता येत नाही, हा त्याचा प्रश्न नव्हता. पुढेही गोव्यात पाद्रीपद बराच काळ ब्राह्मण आणि चारडो घरांतच फिरलं. कास्त्रो 1677 मध्ये रोममध्ये वारला.

मधल्या काळात राजा-पोपाचं भांडणही पेटलं होतं. 1640 मध्ये पोर्तुगाल स्पेनपासून वेगळा झाला. स्पेनच्या दबावाने पोप नव्या राजाने सुचवलेली नावं मंजूर करेना. 1652 मध्ये गोव्याचे आर्चबिशप वारले आणि त्यांची जागा दोन दशकांहून जास्त काळ रिकामी राहिली.

मुंबईत तिसरा मालक आला. शेजारच्या वसई-साष्टीत तेव्हा पोर्तुगीज राज्य होतं, त्यामुळे मुंबईतले पोर्तुगीज पाद्री शत्रूचे हेर ठरतील अशी इंग्रजांना भीती होती. 1720 मध्ये कंपनीने त्यांना घालवून प्रोपगांडाचे कार्मेलाइट आणले. 1789 मध्ये कंपनीने चर्च परत गोव्याच्या आर्चबिशपकडे दिली. लोकांनी तक्रारी केल्या, दोन वर्षांत हुकूम उलटला. शेवटी 1794 मध्ये चार मुख्य चर्चची वाटणी झाली, दोन गोव्याची, दोन प्रोपगांडाची. एकाच गल्लीतले दोन शेजारी आता वेगवेगळ्या बिशपांचे झाले. बाप्तिस्मा कोणाकडे, लग्न कोणाकडे, मयत कुठे पुरायचं, यावर भांडणं झाली. गंमत बघा, पोप आणि राजा यांच्या या झगड्यात निकाल देणारा कोण, तर प्रोटेस्टंट व्यापारी कंपनी!

1838 मध्ये पोपने ब्रिटिश मुलखातला पाद्रोआदोचा अधिकार काढून घेतला. गोव्याने हुकूम धुडकावला. त्याचा कडेलोट 1853 मध्ये माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये झाला. तिथल्या एका गटाला गोव्याकडे जायचं होतं. प्रोपगांडाचे बिशप हार्टमान आपल्या लोकांसह चर्चमध्ये शिरून बसले. बाहेरच्यांनी वेढा घातला, रसद तोडली. पंधरा दिवस! अखेर सरकारी अधिकाऱ्यांनी वेढा मोडला आणि चर्च पाद्रोआदोवाल्यांकडे गेलं.

मुंबईतली ही दुहेरी सत्ता 1928 पर्यंत चालली. तेव्हा ठरलं की मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असेल. या आळीपाळीत भारतीयाची पाळीच नव्हती. चर्चमध्ये बसणारे, वर्गणी देणारे, मराठी-कोकणी बोलणारे कोळी, आगरी, ईस्ट इंडियन कुठल्याच करारात पक्षकार नव्हते.

देश स्वतंत्र झाल्यावर हा करार टिकणं अशक्य होतं. 18 जुलै 1950 रोजी पोर्तुगालने तो हक्क सोडला आणि त्याच वर्षाच्या शेवटी व्हॅलेरियन ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. गोव्यात मात्र 1961 पर्यंत पोर्तुगीज राज्य राहिलं. तिथल्या आर्चबिशपच्या गादीवर गोमंतकीय माणूस, राउल गोन्साल्विस, बसला तो 1978 मध्ये. कास्त्रो बिशप होऊन तेव्हा 341 वर्षं झाली होती.